ठिबक देखभालीच्या मासिक वर्गणीचा दर ठरवण्यापूर्वी

रावेर-यावलकडच्या केळीबागांत महिन्यातून एकदा जाऊन फिल्टर धुणे, नळ्या फ्लश करणे, लागेल तेव्हा अ‍ॅसिड सोडणे, अशी वर्गणीची सेवा सुरू करायची आहे. दर छापण्याआधी वहीत तीन आकडे काढून ठेवा. खालचे आकडे माझ्या अंदाजाचे आहेत, तुमचे तुम्ही घाला.

पहिला आकडा खर्च अधिक नफ्याचा. माणसाचा पगार आणि पेट्रोल मिळून महिन्याला 21,000 धरा. दिवसाला तीन बागा, पंचवीस दिवस, म्हणजे 75 फेऱ्या. फेरीमागे 280 आणि सामानाचे 120, झाले 400. वर पंचवीस टक्के धरले की 500. हिशोब चोख वाटतो, पण 75 गिऱ्हाईक मिळालेच कुठे? तीसच मिळाले तर तीच फेरी 820 ला पडते. गिऱ्हाईक किती येतील ते दरावर, आणि दर गिऱ्हाइकांच्या संख्येवर! म्हणून यातला 400 चा खर्च तळ समजा, 500 हा दर नव्हे.

दुसऱ्या आकड्यासाठी बागेत जावे लागेल. मोजपात्र आणि घड्याळ बरोबर न्या. ताशी चार लिटरचा ड्रिपर पंधरा मिनिटांत एक लिटर देतो; नळीच्या टोकाचे ड्रिपर मोजा आणि कमी भरले तर शेतकऱ्यासमोरच लिहा. समजा पाच एकरांत एकरी वीस झाडांचे घड पाच-पाच किलोने उतरले, तर पाच क्विंटल गेले. हजार रुपये भावाने 5,000. भाव मात्र त्याच्या मागच्या पट्टीवरून घ्या, तोंडी सांगितलेला नको. शिवाय तो वर्षातून चारदा मिस्त्री बोलावून 2,400 देतोच. म्हणजे त्याच्यासाठी सेवेची कमाल किंमत 7,400. वाचलेल्या 5,000 पैकी निम्मे त्याला सोडले तर तुमचे 4,900, महिन्याला साधारण 400. पहिल्या हिशोबातले 500 घेतले असते तर त्याच्या पदरात वर्षाला 1,400 च उरले असते. दोन एकरवाल्याला तर 400 ही जड. त्याचा दर वेगळा काढा.

तिसरा, बाजारात शिरण्याचा कमी दर. तो तालुकाभर वाटू नका. एकाच गावाच्या शिवारात गिऱ्हाईक जमले तर दिवसाला तीनऐवजी पाच बागा होतात, 125 फेऱ्या, आणि फेरी 288 वर येते. तेव्हा 300 परवडतो. विखुरलेल्या बागांत तोच दर प्रत्येक फेरीला शंभर रुपये खातो. पावतीवर मूळ दर 400, सवलत 100 आणि सवलतीची शेवटची तारीख छापा, नाहीतर 300 हाच दर डोक्यात बसतो.

वसुली कशी करायची तेही आधीच ठरवा. "भाऊ, बाग कटू दे, मग देतो," हे ऐकावे लागणारच, कारण पैसा कटाईलाच हातात येतो. सवलत संपल्यावर 400 भरून किती जण टिकले तेवढेच मोजा; सवलतीतल्या नोंदी मोजू नका.