८०डीडीची वजावट नाकारली? आधी फॉर्म १०-आयए भरला होता का ते पाहा

मुलीचे दिव्यांग प्रमाणपत्र घरात आहे, यूडीआयडी कार्ड आहे, टक्केवारीही ठळक छापलेली आहे. तरीही प्राप्तिकर विभागाचा ईमेल येतो की अवलंबून असलेल्या दिव्यांग नातेवाइकासाठी मिळणारी कलम ८०डीडीची वजावट मान्य करता येत नाही. अशा वेळी बहुतेक जण तेच यूडीआयडी कार्ड पुन्हा स्कॅन करून पाठवतात आणि वजावट पुन्हा नाकारली जाते. विभागाला मुलीच्या दिव्यांगत्वाबद्दल शंका नसते. त्यांना हवा असतो तो एक वेगळा कागद, आणि तो कधी तयारच झालेला नसतो.

ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी किंवा बहुविकलांगता असेल तर वैद्यकीय दाखला फॉर्म १०-आयए या ठरलेल्या नमुन्यातच लागतो. अंधत्व, कर्णबधिरत्व, चलनविषयक दिव्यांगत्व अशा बाकीच्या प्रकारांत सरकारी दिव्यांग प्रमाणपत्र चालते. `swavlambancard.gov.in` वरून मिळालेले यूडीआयडी असेल, तर रिटर्नमध्ये त्याचा क्रमांक द्यायचा. दोन्ही गटांना एकच कागद पुरतो, असे धरून चालल्यामुळे अनेक वजावटी अडकतात. म्हणून इथे सेरेब्रल पाल्सीचेच उदाहरण घेऊ. आकडे आर्थिक वर्ष २०२४-२५ चे, म्हणजे आकारणी वर्ष २०२५-२६ चे आहेत, आणि कलमे प्राप्तिकर कायदा, १९६१ ची. १ एप्रिल २०२६ पासून नवा कायदा लागू झाला असल्यामुळे पुढच्या वर्षांसाठी कलमांचे क्रमांक वेगळे आहेत. ते तपासूनच वापरा.

किती रुपयांचा प्रश्न आहे

समजा, महाराष्ट्रात नोकरी करणाऱ्या एका वडिलांचा वर्षाचा पगार ११,८०,००० रुपये आहे आणि त्यांनी जुनी करप्रणाली निवडली आहे. प्रमाणित वजावट ५०,०००, व्यवसाय कर २,५००, राहत्या घराच्या कर्जावरचे व्याज २,००,००० आणि ८०सीखाली १,५०,००० वजा केले की ७,७७,५०० रुपये उरतात. मुलीला ८५ टक्के दिव्यांगत्व आहे, म्हणून ८०डीडीखाली १,२५,००० रुपये वजा होतात आणि करपात्र उत्पन्न ६,५२,५०० होते. त्यावर उपकरासह ४४,७२० रुपये कर बसतो. कंपनीने पगारातून तेवढाच टीडीएस कापला आहे.

वजावट नाकारली तर कर ७०,७२० होतो, म्हणजे २६,००० रुपये जास्त. त्यावर कलम २३४बीचे दरमहा १ टक्का व्याज एप्रिल २०२५ पासून धरले जाते. विभागाने रिटर्न तपासून पाठवलेले कराच्या हिशेबाचे पत्र, म्हणजे इंटिमेशन, डिसेंबरात निघाले, तर नऊ महिन्यांचे २,३४० रुपये धरून २८,३४० रुपयांची डिमांड समोर येते.

इथे खर्चाची बिले कोणी मागत नाही. ही वजावट ठरावीक रकमेची आहे: दिव्यांगत्व ४० टक्के किंवा जास्त पण ८० टक्क्यांहून कमी असेल तर ७५,००० रुपये, आणि ८० टक्के किंवा जास्त असेल तर १,२५,०००. वर्षभरात फिजिओथेरपीवर ४०,००० झाले म्हणून ४०,००० लिहिणे चूक, आणि ७८ टक्क्यांना १,२५,००० लिहिणेही चूक. उपचारांच्या बिलांची फाइल वाढवत बसण्यापेक्षा दाखल्यावरचा टक्का नीट वाचावा.

दाखला कोणाच्या सहीचा

फॉर्म १०-आयएवर कोणत्याही डॉक्टरची सही चालत नाही. नियम ११ए प्रमाणे न्यूरोलॉजीतील एमडी, लहान मुलाच्या बाबतीत तितकीच पदवी असलेला बालमज्जातंतुतज्ज्ञ, किंवा सिव्हिल सर्जन अथवा सरकारी रुग्णालयातील मुख्य वैद्यकीय अधिकारी यांचीच सही लागते. आपल्याकडे सिव्हिल सर्जन म्हणजे जिल्हा शल्य चिकित्सक. मुलीवर वर्षानुवर्षे उपचार करणारा अस्थिरोगतज्ज्ञ किंवा फिजिओथेरपिस्ट तिची अवस्था कितीही जवळून ओळखत असला, तरी या फॉर्मपुरता त्याचा दाखला उपयोगाचा नाही. डिस्चार्ज कार्ड, औषधाची चिठ्ठी आणि एमआरआयचा अहवाल हे डॉक्टरकडे जाताना सोबत न्यायचे कागद आहेत. विभागाकडे देण्याचे नव्हेत.

सही घेताना एक ओळ विसरू नका: पुन्हा तपासणी लागणार आहे का, आणि लागणार असेल तर किती काळाने. ही ओळ महत्त्वाची आहे, कारण दिव्यांगत्व तात्पुरते मानून पुनर्तपासणी सांगितली असेल, तर दाखला ज्या आर्थिक वर्षात दिला गेला त्याच वर्षापासून धरला जातो, मागच्या वर्षासाठी नाही. शेवटाकडे मात्र थोडी सवलत आहे. दाखल्याची मुदत ३० जून २०२४ ला संपली असली तरी २०२४-२५ या पूर्ण वर्षाची वजावट मिळते. २०२५-२६ साठी नवा दाखला लागतो. बरेच जण नेमके उलटे समजतात: जूनमध्ये मुदत संपली म्हणून त्या वर्षाची वजावट सोडून देतात आणि पुढच्या वर्षी जुन्याच दाखल्यावर ती घेतात.

फॉर्म भरायचा कसा

कागदावर सही घेऊन तो कपाटात ठेवला की काम झाले, असे नाही. `incometax.gov.in` वर लॉगिन करून

```
e-File > Income Tax Forms > File Income Tax Forms
```

इथे जा आणि फॉर्म १०-आयए शोधा. आकारणी वर्ष निवडताना सावध राहा. २०२४-२५ च्या उत्पन्नासाठी 2025-26 निवडायचे. आर्थिक वर्ष समजून 2024-25 निवडले की फॉर्म चुकीच्या वर्षात जाऊन बसतो आणि योग्य वर्षाची जागा रिकामीच राहते. मुलीचा आणि दाखला देणाऱ्या अधिकाऱ्याचा तपशील भरून सहीचा दाखला जोडा. शेवटी आधार ओटीपीने किंवा दुसऱ्या मार्गाने ई-व्हेरिफाय करा. ई-व्हेरिफाय न केलेला फॉर्म भरलाच नाही असे मानले जाते. पूर्ण झाल्यावर मिळणारा पोचपावती क्रमांक आणि तारीख लिहून ठेवा.

हाच क्रमांक रिटर्नमधील `Schedule 80DD` मध्ये मागितला जातो. तिथे दिव्यांगत्वाचा प्रकार, अवलंबिताशी नाते, तिचा पॅन किंवा आधार, फॉर्मची तारीख आणि पोचपावती क्रमांक, तसेच यूडीआयडी क्रमांक अशी माहिती भरायची असते. कायद्याला दाखला रिटर्नसोबत हवा आहे, म्हणून क्रम असा ठेवा: आधी डॉक्टर, मग १०-आयए, मग रिटर्न. कंपनीला जानेवारीत फॉर्म १२बीबीसोबत कागद दिला होता आणि तिने टीडीएस कमी कापला, एवढ्याने भागत नाही. कंपनीने मान्य केलेली वजावट विभागाला बांधील नसते.

नोटीस आली असेल तर

वरच्या वडिलांनी १० ऑगस्ट २०२५ ला रिटर्न भरले आणि पोचपावती क्रमांकाची जागा सोडून दिली, असे धरू. ६ ऑक्टोबरला कलम १४३(१)(ए) खाली प्रस्तावित फेरबदलाची सूचना आली. उत्तरासाठी ३० दिवस मिळतात. ही अजून डिमांड नाही, त्यामुळे सर्वात स्वस्त दुरुस्ती याच टप्प्यावर होते.

पहिल्या आठवड्यात जिल्हा शल्य चिकित्सकांकडून १०-आयएवर सही घ्यावी. जुने दिव्यांग प्रमाणपत्र सोबत असले की दिव्यांगत्व आधीपासूनचे आणि कायमस्वरूपी आहे हे दाखवता येते. मग फॉर्म ऑनलाइन भरून ई-व्हेरिफाय करावा आणि नवा क्रमांक घालून कलम १३९(५) खाली सुधारित रिटर्न भरावे. तेही ई-व्हेरिफाय करावे. `Pending Actions > e-Proceedings` मधल्या सूचनेला उत्तर देताना सुधारित रिटर्नचा क्रमांक लिहावा. सगळे आधीच भरले होते आणि तरी सूचना आली, असे असेल तरच नुसते "असहमत" निवडून पोचपावती जोडणे पुरेसे असते. घाईत "सहमत" निवडले, तर वजावट गेली हे आपणच मान्य केले असा त्याचा अर्थ होतो.

सूचनेकडे दुर्लक्ष झाले आणि १२ डिसेंबरला २८,३४० रुपयांचे इंटिमेशन आले, तरी दार बंद झालेले नाही. आकारणी वर्ष २०२५-२६ साठी सुधारित रिटर्नची मुदत ३१ डिसेंबर २०२५ होती, आणि १४३(१) चे इंटिमेशन म्हणजे आकारणी नव्हे, त्यामुळे ते आल्यानंतरही मुदतीत सुधारित रिटर्न भरता येते. या उदाहरणात त्यासाठी एकोणीस दिवस उरतात. सरकारी रुग्णालयातील सहीसाठी ते कमीच आहेत, म्हणून एमडी न्यूरोलॉजिस्टचा पर्याय लक्षात ठेवावा.

मुदत टळली असेल तर

मग कलम १५४ खाली दुरुस्ती अर्ज करता येतो. त्याची मुदत इंटिमेशन ज्या आर्थिक वर्षात निघाले ते संपल्यापासून चार वर्षे. फॉर्म आधीच भरला होता आणि रिटर्नमध्ये फक्त क्रमांक टाकायचा राहिला, तर हा मार्ग चांगला चालतो, कारण चूक नोंदीवरून उघड दिसते. फॉर्मच नंतर तयार झाला असेल, तर अर्ज फेटाळला जाण्याची शक्यता जास्त. अशा वेळी फॉर्म ३५ ने आयुक्त (अपील) यांच्याकडे जावे लागते. त्याची मुदत इंटिमेशन मिळाल्यापासून ३० दिवस, आणि निर्धारित उत्पन्न दोन लाखांवर असेल तर शुल्क १,००० रुपये.

इथेच लोक अडकतात. आधी दुरुस्ती अर्ज करून पाहू, नाही झाले तर अपील करू, असे म्हणता म्हणता तीस दिवस निघून जातात आणि मग विलंबमाफीची विनंती करावी लागते. फॉर्म उशिरा तयार झाला असेल तर दोन्ही बाजूंनी एकाच वेळी हालचाल करा. अपिलात पात्रता मुळापासून होती, राहिली ती फक्त नमुन्यातील नोंद, हे जुन्या दिव्यांग प्रमाणपत्राच्या तारखेने दाखवा. अपील चालू असताना `Response to Outstanding Demand` मध्ये डिमांडशी असहमती नोंदवून अपिलाचा तपशील द्या. नाहीतर पुढच्या वर्षीचा परतावा त्याच डिमांडपोटी वळता होऊ शकतो. कलम १३९(८ए) चे अद्ययावत रिटर्न मात्र इथे निरुपयोगी आहे, कारण त्यात कर कमी करता येत नाही.

कागद पूर्ण असूनही नाकारले जाते तेव्हा

पहिली शंका करप्रणालीची घ्या. नव्या प्रणालीत ८०डीडी मिळतच नाही, आणि नोकरदाराला जुनी प्रणाली हवी असेल तर ती मूळ मुदतीत भरलेल्या रिटर्नमध्येच निवडावी लागते. दुसरी शंका, मुलीने स्वतःच्या रिटर्नमध्ये दिव्यांग व्यक्तीला स्वतःसाठी मिळणारी ८०यूची वजावट तर घेतली नाही ना? घेतली असेल तर वडिलांना ८०डीडी मिळत नाही. तिसरी, नाते आणि अवलंबित्व: पती-पत्नी, मुले, आई-वडील, भाऊ-बहीण एवढेच बसतात, तेही मुख्यतः तुमच्यावर अवलंबून असतील तरच. पुतण्याचा सगळा खर्च तुम्ही करत असलात तरी ती वजावट मिळत नाही. अनिवासी भारतीयाला ती मुळातच नाही.