फराळानंतर पोट बिघडलं? या चुका टाळा

भाऊबीज झाली की दुसऱ्या दिवशी सकाळी ठाण्यात आमच्या औषधांच्या दुकानात एकच मागणी असते, "पटकन थांबेल असं काहीतरी द्या." ही घाईच नडते. ताप असेल किंवा शौचात रक्त दिसत असेल तर जुलाब थांबवायची गोळी स्वतःच्या मनाने घ्यायची नाही. लहान मुलांना तर ती द्यायचीच नाही.

पण मला सगळ्यात जास्त चीड येते ती ओआरएसच्या चुकीची. गेल्या दिवाळीत कळव्याचा एक मुलगा सकाळी पाकिटं घेऊन गेला आणि दुपारी परत आला. "काका, तीन पाकिटं दिली, तरी बाबांचे जुलाब वाढलेच."

"कशात कालवलीस?"

"ग्लासात."

पाकीट होतं एक लिटरचं! इतकं दाट पाणी आतड्यात गेलं की ते शरीरातलंच पाणी आतड्यात ओढून घेतं. जुलाब वाढतात, तहान भागत नाही आणि रक्तातलं मीठ वाढायची भीती असते ती वेगळीच. वडील वयस्कर, म्हणून आणखी पाकीट न देता त्यांना आधी डॉक्टरांकडे न्यायला लावलं.

लिटरचं पाकीट असेल तर पूर्ण लिटरभर, उकळून गार केलेल्या पाण्यात एकदम कालवा. अर्धी पूड, अर्धा ग्लास असला अंदाज नको. 200 मिलीचं छोटं पाकीटही मिळतं, म्हणून मागचा मजकूर वाचा. कालवलेलं पाणी 24 तासांनी ओतून द्या. एका दमात न पिता घोट घोट घ्या. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबून चमच्याने पुन्हा सुरू करा.

दिवसभर लंघन करायची गरज नाही. भूक लागली की मऊ भात किंवा मुगाची पातळ खिचडी घ्या, वर तूप मात्र नको.

पुढच्या वर्षीचं गणित आधीच मांडून ठेवा. तळलेलं आणि तुपातलं खाणं जठरातून पुढे सरकायला वेळ घेतं. सकाळी ठाणे, दुपारी ऐरोली, संध्याकाळी वाशी असं फिरलात तर पहिल्या घरच्या करंज्या पोटात असतानाच दुसऱ्या घरची बासुंदी येऊन पडते. म्हणून जेवण एकाच घरी ठरवा. बाकीच्या घरी एक चकली आणि एक लाडू, बस्स. ताई आग्रह करणारच, तिला सरळ डबा भरून द्यायला सांगा. रात्रीचं जेवण झोपायच्या तीन तास आधी उरका.

आणि प्रत्येक दुखणं अपचनाचं नसतं. तेलकट खाल्ल्यावर उजव्या बरगडीखाली जोरात दुखून कळ खांद्याकडे जात असेल तर पित्ताशयात खडे असू शकतात, त्याची तपासणी करून घ्या. छातीत दडपण येऊन घाम फुटला तर सोडा पीत बसू नका, लगेच रुग्णालय गाठा.