व्यवहार शून्य, तरी कागद पूर्ण : लहान प्रायव्हेट कंपनीची वर्षाची तयारी

लातूरला मी हिशेबाचं काम करतो. जून उजाडला की एखादा तरी माणूस दारात येऊन म्हणतो, "साहेब, कंपनी काढून ठेवली हाय, पण धंदा काय झाला नाही. मग भरायचं काय?" गेल्या वर्षी उदगीरचे दोन चुलत भाऊ असेच आले होते. जून 2022 मध्ये त्यांनी डाळीच्या ब्रँडसाठी कंपनी काढली, अधिकृत भांडवल एक लाख. नोंदणी करून देणाऱ्यानं सुरुवातीचे दोन-तीन फॉर्म भरले आणि नंतर फोन उचलणं बंद केलं. मिल काही उभी राहिली नाही. बँकेतल्या लाखातून खात्याचे चार्जेस तेवढे कटत राहिले. आपली कंपनी झोपलेली आहे, अशी दोघांचीही समजूत होती. आमची यादी त्यांच्यापासूनच धरतो, कारण त्यांना जे लागलं तेच सगळ्यांना लागतं.

31 मार्च झाला की पहिलं काम म्हणजे बँकेचं वर्षभराचं स्टेटमेंट काढून टॅलीशी जुळवायचं. इथं एक गोष्ट आधीच बघून घ्या. 1 एप्रिल 2023 पासून कंपनीचे हिशेब ज्या सॉफ्टवेअरमध्ये लिहिता, त्यात कोणती नोंद कधी आणि काय बदलली याचा माग राहायला हवा, आणि तो बंद करता येता कामा नये. ऑडिटरला त्याच्या अहवालात यावर लिहावंच लागतं. एक्सेलमध्ये हिशेब ठेवून मार्चनंतर एका बैठकीत सगळं टॅलीत चढवणाऱ्यांची अडचण इथंच होते, कारण वर्षभराच्या नोंदींवर तारीख मात्र एकाच आठवड्याची दिसते.

मग कंपनीत पैसा कुणाचा आला ते बघायचं. यावर थोडं थांबावं लागेल. आपल्याकडं हातउसनं सर्रास चालतं. मेव्हण्यानं दोन लाख दिले, गावातल्या मित्रानं एक लाख दिला, आणि सगळे थेट कंपनीच्या खात्यात. प्रायव्हेट कंपनीला संचालकाकडून आणि संचालकाच्या नातेवाइकाकडून पैसे घेता येतात, मात्र 'हे माझेच पैसे आहेत, कर्ज काढून आणलेले नाहीत' असं त्यांनी लेखी द्यायला हवं. मित्राचे पैसे कायद्याच्या नजरेत ठेव ठरतात, आणि ठेवीचे नियम मोडल्याचा दंड उशिराच्या फीसारखा दिवसाला शंभरावर भागत नाही. 'नातेवाईक' कोण तेही कायद्यानं ठरवून दिलंय. आई-वडील, मुलगा, सून, मुलगी, जावई, भाऊ, बहीण आणि नवरा-बायको त्यात येतात. मेव्हणा आणि चुलत भाऊ येत नाहीत. 31 मार्चला शिल्लक असलेल्या अशा सगळ्या रकमांचं विवरण, ठेव नसलेल्या रकमांसकट, `DPT-3` या फॉर्ममध्ये 30 जूनपर्यंत जातं. मित्राची रक्कम सापडली तर ती आधी परत करायची, फॉर्म मग. त्याच 30 जूनला महाराष्ट्रातल्या कंपनीला व्यवसाय कराचे 2,500 रुपयेही भरायचे असतात. ते हमखास विसरतात.

जुलै-ऑगस्ट ऑडिटरचा. 'आमची उलाढालच नाही, ऑडिट कशाला?' हा प्रश्न दरवर्षी येतो. प्राप्तिकराच्या ऑडिटला उलाढालीची मर्यादा आहे, कंपनी कायद्याच्या ऑडिटला ती नाही. एक रुपयाचा धंदा नसला तरी ताळेबंद ऑडिट करूनच घ्यावा लागतो. आधी संचालक मंडळ हिशेब मंजूर करतं, संचालक सही करतात, मग ऑडिटर आपल्या अहवालावर सही करून त्याचा यूडीआयएन काढतो. हा अठरा अंक-अक्षरांचा नंबर म्हणजे त्या अहवालाची ओळख. तो लक्षात ठेवा, त्याचं काम पुढं आहे. डिजिटल सहीचा टोकनही याच सुमारास लावून बघा. ती सही मुदत संपल्यावर चालत नाही, आणि संपल्याचं कळतं ते शेवटच्या दिवशी रात्री. संचालकाची केवायसी राहिली असेल तर त्याचा डीआयएन, म्हणजे संचालक म्हणून मिळालेला ओळख क्रमांक, बंद पडलेला असतो, तो सुरू करायला माणशी 5,000 रुपये.

आता सभा. आर्थिक वर्ष संपल्यापासून सहा महिन्यांत, म्हणजे 30 सप्टेंबरपर्यंत, वार्षिक सर्वसाधारण सभा झाली पाहिजे. फक्त पहिल्या सभेला नऊ महिने मिळतात. नोटीस पूर्ण एकवीस दिवसांची लागते, त्यात पाठवल्याचा आणि सभेचा दिवस धरायचा नाही. 30 तारखेला सभा असेल तर ईमेल उशिरात उशिरा 8 सप्टेंबरला जायला हवा. दोघेच भाऊ सभासद असतील तर दोघांची लेखी संमती घेऊन कमी दिवसांच्या नोटिशीवरही सभा घेता येते. सभा सकाळी 9 ते संध्याकाळी 6 या वेळेत, राष्ट्रीय सुट्टी सोडून. आमच्याकडं सप्टेंबरात खरी अडचण वेगळीच असते. गणपती होतात, मग पितृपक्ष लागतो आणि 'पितरपाटात सभा नको' म्हणून लोक अडून बसतात. त्यातून बाहेर पडेपर्यंत सोयाबीन काढणीला आलेलं असतं, मग माणूस सापडत नाही. त्यामुळं मी 17 सप्टेंबर सुचवतो. मुक्तिसंग्राम दिनाला मराठवाड्यात स्थानिक सुट्टी असते, पण ती राष्ट्रीय सुट्टी नव्हे. झेंडावंदन करून आलेले भाऊ घरीच असतात. पंचांग मात्र आधी बघून घ्यावं, काही वर्षी तीही तारीख पितृपक्षात येते.

सभेनंतर तीन मुदती. नवा ऑडिटर नेमला असेल तर पंधरा दिवसांत `ADT-1`. ऑडिट झालेला ताळेबंद `AOC-4` मधून तीस दिवसांत. वार्षिक विवरण, लहान कंपनीसाठी `MGT-7A`, साठ दिवसांत. सभा 30 सप्टेंबरला धरली तर शेवटच्या दोन तारखा 30 ऑक्टोबर आणि 29 नोव्हेंबर. मधे 31 ऑक्टोबरला कंपनीचं प्राप्तिकर विवरण. तेही शून्य उत्पन्नाला चुकत नाही, आणि उशीर झाला तर त्या वर्षीचा तोटा पुढं ओढता येत नाही.

वार्षिक विवरणाला आता नोंदणीकृत कार्यालयाचा बाहेरून काढलेला फोटो जोडावा लागतो, नावाची पाटी दिसेल असा. उदगीरच्या भावांचं कार्यालय म्हणजे एका कृषी सेवा केंद्राच्या वरची खोली. तिसऱ्या वर्षाच्या विवरणासाठी फोटो आला त्यात खताच्या कंपनीचा फ्लेक्स, त्यावर शुभेच्छुकांची रांग, आणि पाटी कुठंच नाही. पाटी होती, पण आत, कपाटामागं. शिवाय नुसत्या इंग्रजीत. कायद्याला ती बाहेर लावलेली हवी, आणि त्या भागात चालणाऱ्या भाषेतही हवी. मराठी पाटीची ही सक्ती कंपनी कायद्यातच आहे, आणि ती मोडली तर दिवसाला 1,000 रुपये, लाखापर्यंत. पाटी रंगवून घेतली, फ्लेक्स दोन तासांसाठी उतरवला, फोटो पुन्हा काढला.

आता त्यांचा हिशेब. पहिलं वर्ष मार्च 2023 ला संपलं, पहिली सभा 31 डिसेंबर 2023 पर्यंत व्हायला हवी होती. सभाच झाली नाही तर? मुदत सुटत नाही. सभा व्हायला हवी होती त्या शेवटच्या दिवसापासून मोजतात. म्हणजे ताळेबंदाची मुदत 30 जानेवारी 2024 ला आणि विवरणाची 29 फेब्रुवारीला गेली. फॉर्म भरले 30 जून 2025 ला. एकाला 517 दिवस उशीर, दुसऱ्याला 487. जादा फी प्रत्येक फॉर्मला दिवसाला 100 रुपये, आणि तिला कमाल मर्यादा नाही. त्या वर्षाचे झाले 1,00,400. दुसऱ्या वर्षाचे 243 आणि 213 दिवस, म्हणजे 45,600. एकूण 1,46,000. वेळेत भरले असते तर चार फॉर्मचे प्रत्येकी 300, म्हणजे 1,200 रुपये. आकडा ऐकून धाकटा म्हणाला, "एवढ्यात तर जुनी मळणी यंत्रं आली असती."

मग त्यानं विचारलं, मागच्या तारखेचं इतिवृत्त लिहून सभा वेळेत झाली असं दाखवता येणार नाही का? तो नंबर इथं आडवा येतो. यूडीआयएन सहीच्या वेळी किंवा त्यानंतर साठ दिवसांच्या आत काढावा लागतो. जून 2025 चा ऑडिट अहवाल सप्टेंबर 2024 च्या सभेसमोर कसा ठेवणार? ती खोटी माहिती ठरते, आणि खोट्या माहितीला तुरुंगवासाचं कलम आहे.

दिवसाचे शंभर ही फी आहे. दंड तिच्या पलीकडं. ताळेबंद किंवा विवरण भरलं नाही म्हणून कंपनी निबंधक वेगळा आदेश काढून कंपनीला 10,000 आणि पुढं रोज 100 असा दोन लाखांपर्यंत, संचालकाला पन्नास हजारांपर्यंत दंड लावू शकतो. लहान कंपनीला तो निम्म्याहून जास्त लागत नाही. आणि नोटीस येण्याआधी किंवा आल्यावर तीस दिवसांत फॉर्म भरून टाकले तर हा दंड लावत नाहीत. म्हणून नोटीस आली की वकील शोधत फिरण्याआधी फॉर्म भरायचे. सभा न घेतल्याचा विषय मात्र यानं मिटत नाही. त्याला वेगळं कलम आहे, लाखापर्यंत आणि चुकत राहिलं तर रोज 5,000.

भावांनी तिसरं वर्षही घालवलं असतं तर प्रकरण पैशात मिटलं नसतं. सलग तीन वर्षं ताळेबंद किंवा विवरण भरलं नाही तर त्या कंपनीचे संचालक पाच वर्षांसाठी अपात्र होतात आणि दुसऱ्या कंपनीतलंही त्यांचं संचालकपद जातं. 2017 मध्ये देशभर असे लाखो संचालक एकदम अपात्र ठरले होते, त्यात कंपनीत नुसती सही करायला ठेवलेल्या घरच्या बायकाही होत्या. थोरल्याची बायको दुसऱ्या एका कंपनीत संचालक आहे, इथंही तिचं नाव आहे. हे कळल्यावर त्यानं पैसे मोजले.

सरकार कधीमधी सवलत काढतं. 2020 मध्ये जादा फी पूर्ण माफ झाली होती. काही वर्षी फॉर्मच्या मुदती पुढं ढकलतात, पण त्यानं सभेची तारीख पुढं जात नाही. सवलतीच्या भरवशावर बसून मीटर वाढवत नेणारे मी बरेच पाहिले.

कंपनी नकोच असेल तर दोन वाटा आहेत. निष्क्रिय म्हणून नोंदवायची, मग वर्षाला एक लहान विवरण पुरतं. नाहीतर 10,000 रुपये फी भरून नाव काढून टाकायचं, पण धंदा थांबला त्या वर्षापर्यंतची विवरणं आधी भरलेली हवीत. भावांनी दोन्ही नाकारलं. डाळ मिलचं कर्ज मंजूर होईल असं थोरला म्हणतोय. तिसऱ्या वर्षाची सभा 17 सप्टेंबर 2025 ला ठेवली होती. तो पितृपक्षातच आला, म्हणून थोरला आधी कुरकुरला, मग सही करून गेला.