खोकल्याने झोप नाही म्हणून झोपेची गोळी? आजारपणातल्या या चुका टाळा

वॉर्डात रात्रपाळी केलेल्या कुठल्याही सिस्टरला विचारा, दिवे मंद झाले की नातेवाईक हळूच येऊन विचारतात, "सिस्टर, यांना झोपेचं काही देता येईल का?" मी उलट विचारते, झोप मोडते कशाने? दुखून जाग येते, खोकल्याने येते, की श्वास पुरत नाही म्हणून येते? बहुतेकांना सांगता येत नाही, कारण ते कुणी बघितलेलंच नसतं. घरी तर डॉक्टरही समोर नसतो आणि शेजारच्या कपाटात कुणाच्या तरी गोळ्या पडलेल्या असतात. सगळा घोळ तिथून सुरू होतो.

दुसऱ्याच्या चिठ्ठीवरची झोपेची गोळी

ही चूक मी इतक्यांदा पाहिली आहे की आता मला राग आवरत नाही. ओळखीतले एक काका, सत्तरीच्या आसपासचे. आयुष्यभर बिडी ओढलेली, त्यामुळे सीओपीडी, म्हणजे श्वासनलिका अरुंद होऊन फुप्फुसं कायमची कमजोर झालेली. थंडीत कफ वाढला आणि रात्र रात्र खोकत बसायला लागले. घरचेही जागून थकले. मुलाने मावशीच्या स्ट्रिपमधली अल्प्राझोलामची गोळी दिली आणि वर केमिस्टकडून आणलेलं खोकल्याचं गुंगी येणारं औषध पाजलं. काका शांत झोपले. घरच्यांना वाटलं, चला, एकदाची झोप लागली.

सकाळी ते उठेनात. हलवलं की डोळे अर्धवट उघडायचे, काहीतरी असंबद्ध बोलायचे आणि परत घोरायला लागायचे. ओठ निळसर. बोटाला ऑक्सिमीटर लावला तर आकडा ७८. मला फोन आला तेव्हा मी एवढंच म्हटलं, ॲम्ब्युलन्स बोलवा, आणि काय काय दिलंय त्या स्ट्रिप नि बाटल्या बरोबर घ्या. हॉस्पिटलात बायपॅपचा मास्क लावून श्वासाला आधार दिला, तेव्हा ते शुद्धीवर आले.

झालं काय होतं? अशा फुप्फुसातून कार्बन डायऑक्साइड आधीच नीट बाहेर पडत नाही. झोपेत प्रत्येकाचाच श्वास थोडा उथळ होतो. त्यावर गुंगीचं औषध पडलं की मेंदू श्वासाचा वेग आणखी कमी करतो, खोकलाही दबतो, कफ आत साचतो आणि रक्तात कार्बन डायऑक्साइड वाढत जातो. त्यानेच ग्लानी येते. बाहेरून बघणाऱ्याला ती गाढ झोप वाटते. म्हणून सीओपीडीचा, झोपेत श्वास अडकणारा किंवा फार अशक्त म्हातारा माणूस असेल, तर सकाळचं डोकं दुखणं, बडबड आणि न संपणारी सुस्ती यांना "झोप पूर्ण होतेय" म्हणू नका. घरात ऑक्सिजन सिलिंडर असेल तर तोही मनाने वाढवू नका. या रुग्णांत साधारण ८८ ते ९२ टक्के एवढंच लक्ष्य ठेवतात, जास्त दिल्याने कार्बन डायऑक्साइड आणखी चढू शकतो.

ट्रामाडॉलसारखी दुखण्याची गोळी, कोडीनचं सिरप, झोपेची गोळी आणि दारू यांतल्या कुठल्याही दोन गोष्टी एकत्र नकोत. "ब्रँडीचा एक घोट" हाही त्यातच आला. उलट, जो माणूस कित्येक महिने झोपेची गोळी रोज घेतोय, त्याची ती आजारपणात एकदम बंदही करू नका. फिट येऊ शकते. डॉक्टरांना विचारून हळूहळू कमी करायची असते.

दुखायला लागल्यावर गोळी शोधणं

बाथरूममध्ये पडून बरगडी मोडलेल्या एका ताईंचं उदाहरण घेते. डॉक्टरांनी पॅरासिटामॉल ६५० दिवसातून चार वेळा लिहिलेलं. घरी काय चालायचं? सकाळी एक, दुपारी आठवली तर एक, आणि सात वाजता जेवणाबरोबर एक. तिचा असर रात्री अकरा-बाराच्या सुमारास ओसरायचा. दीड वाजता खोकला आला की बरगडीत कळ, मग दिवा लावून गोळ्यांची शोधाशोध. गोळी घेतल्यावर आराम पडायला अर्धा-पाऊण तास जातो, तोवर झोप पार उडालेली. खोकला दुखतो म्हणून त्या तो दाबून धरायच्या, आणि मोडलेल्या बरगडीवर कफ साचणं म्हणजे न्यूमोनियाला आमंत्रण.

मी वेळा बदलून दिल्या: सकाळी आठ, दुपारी अडीच, रात्री साडेनऊ. चौथी गोळी उशाशी स्टुलावर, पाण्याच्या भांड्याशेजारी, पहाटे चारच्या आसपास जाग आली तर घ्यायची. दोन गोळ्यांत किमान चार तास, शक्यतो सहा. एकूण २६०० मिलिग्रॅम, मोठ्या माणसाच्या ४ ग्रॅमच्या मर्यादेच्या आत. यकृताचा त्रास असेल, वजन फार कमी असेल किंवा रोज दारू असेल तर ती मर्यादा डॉक्टर आणखी खाली आणतात. सर्दीच्या गोळीतही पॅरासिटामॉल असतं, म्हणून पाकिटावरचं वाचा.

झोपायची पद्धतही बदलली. पाठ कमरेपासून वर उचललेली, गुडघ्याखाली छोटी उशी. खोकला आला की उठून बसायचं, दुखऱ्या बाजूवर उशी घट्ट धरायची आणि मोकळेपणाने खोकायचं. दोनच रात्रींत त्या सलग झोपायला लागल्या. लोकांना मात्र जोरदार गोळी हवी असते, घड्याळ नको असतं.

उशांचा मनोरा

मानेखाली तीन उशा रचल्या की मान पुढे वाकते, पोट दाबलं जातं आणि खोकला तसाच राहतो. लोड किंवा घडी घातलेली गादी कमरेपासून लावा. आडवं झालं की आंबट पाणी वर येऊन खोकला येत असेल, तर डोक्याकडच्या पायांखाली विटा ठेवून पलंगच सहा इंच उचला, डाव्या कुशीवर झोपा आणि जेवण तीन तास आधी उरका.

पण आडवं झाल्यावर दम लागतो, उठून बसलं की बरं वाटतं, पावलं सुजलेली आहेत आणि उशा दर आठवड्याला वाढताहेत, असं असेल तर हृदय तपासून घ्या. पहाटे शिट्टीसारखा आवाज आणि खोकला, हा बहुधा दमा. त्याला इनहेलर लागतो, सिरपने भागत नाही.

चुकीच्या वेळेची औषधं

प्रेडनिसोलोनसारखं स्टेरॉइड दिवसातून एकदाच लिहिलं असेल तर सकाळी नाश्त्यानंतर घ्यावं. रात्री घेतलं की डोळा लागत नाही. लघवी वाढवणारी गोळी संध्याकाळी घेऊ नये. नाक मोकळं करणाऱ्या गोळीत फिनाइलेफ्रिनसारखं औषध असेल तर तीही झोप उडवू शकते. रक्तदाबासाठी रामिप्रिल किंवा एनालाप्रिल चालू असेल आणि कोरडी ढास लागत असेल, तर डॉक्टरांना गोळीबद्दल विचारा. मनाने बंद करू नका.

प्रोस्टेटचा त्रास असलेल्या आजोबांना सर्दी-खोकल्याचं गुंगीचं औषध नको, लघवी अडकते. वर्षाच्या आतल्या बाळाला मध नको. म्हातारं माणूस आजारात अचानक रात्रभर बडबडतं, कपडे ओढतं, माणसं ओळखत नाही, तर त्याला झोपवण्याआधी ताप, ऑक्सिजन, साखर आणि लघवी बघा.

आणि दोन आठवड्यांहून जास्त खोकला असेल तर उशा आणि सिरपं बदलत बसू नका. सरकारी दवाखान्यात टीबीसाठी बेडक्याची तपासणी फुकट होते, ती करून घ्या.