‘बघून घ्या’ म्हणजे नेमकं कोणी? मीटिंगच्या नोट्सचा तक्ता करताना

इंटिरिअरची कामं घेणाऱ्या एका छोट्या कंपनीत मी कोऑर्डिनेटर म्हणून लागले, तेव्हा दर मंगळवारच्या साइट मीटिंगच्या नोट्स घेणं माझ्याकडे आलं. लागून दीड महिना झाला असेल. नोट्सवरून केलेल्या यादीत मी एक ओळ लिहिली होती : ‘काचेची ऑर्डर – टीम’. खरेदीवाल्या दादांना वाटलं, साइटवरून माप येईल मग ऑर्डर देऊ. सुपरवायझरला वाटलं, माप तर मागेच सांगितलंय. दहा दिवसांनी क्लायंट आले आणि रिकाम्या चौकटींसमोर उभे राहिले. सर कुणावरच ओरडले नाहीत, कारण ओरडायचं कुणावर हेच ठरेना. चूक ‘टीम’ या शब्दाची होती, आणि तो शब्द माझा होता.

तेव्हापासून मी नोट्सचा तक्ता कसा करते, ते एका खऱ्या मीटिंगवरून सांगते. माणसांच्या नावांऐवजी इथे त्यांची कामं लिहितेय. तुमच्या तक्त्यात मात्र नावंच हवीत.

मंगळवार, 4 नोव्हेंबर 2025. वहीत घाईघाईने उतरवलेला मजकूर असा होता :

> पार्टिशनचं फ्रेमिंग झालं. काचेची ऑर्डर अजून गेली नाही, माप फायनल करून देऊन टाकू. एसीवाला परवा येतो म्हणाला, सीलिंग त्याआधी बंद करू नका. रिसेप्शन टेबलला विनियर नको, लॅमिनेट. इलेक्ट्रिकलचं बघून घ्या. बिल गेलं का? आठवड्याभरात. पुढच्या शुक्रवारी क्लायंट व्हिजिट. फायर एनओसीचं काय?

हा मजकूर आहे तसा आधी टाइप करून ठेवायचा, त्याच दिवशी. यात सुधारणा करायची नाही. पुढे कधी ‘असं ठरलंच नव्हतं’ निघालं तर दाखवायला तो लागतो. मग त्याची प्रत घेऊन एका ओळीवर एकच वाक्य येईल असे तुकडे पाडायचे आणि प्रत्येक ओळीपुढे एक अक्षर टाकायचं : ‘का’ म्हणजे काम, ‘नि’ म्हणजे निर्णय, ‘मा’ म्हणजे नुसती माहिती, ‘प्र’ म्हणजे उत्तर न मिळालेला प्रश्न. तक्त्यात फक्त कामं जातात. नवीन माणूस सगळंच तक्त्यात कोंबतो, आणि मग ‘फ्रेमिंग झालं’ याच्यापुढे कुणाचं नाव टाकायचं ते कळत नाही.

निर्णयाच्या ओळीवर मात्र जरा थांबायचं. ‘विनियर नको, लॅमिनेट’ हा निर्णय आहे, पण त्याच्या पोटात दोन कामं आहेत : मिस्त्रीच्या हातातलं ड्रॉइंग बदलणं आणि विनियरची ऑर्डर रद्द करणं. मीटिंगमध्ये ही दोन्ही कुणी बोललं नव्हतं. प्रत्येक निर्णयापुढे मी स्वतःला विचारते, ‘हे ज्याला कळायला हवं आणि तो खोलीत नव्हता, असा कोण आहे?’ इथे तो मिस्त्री होता.

आता कोण, हा रकाना. इथे आपली भाषाच आपल्याला फसवते. ‘देऊन टाकू’, ‘पाठवायचंय’, ‘व्हायला पाहिजे’, ‘होऊन जाईल’. वाक्य पूर्ण होतं, सगळे माना डोलावतात आणि करणारा माणूस कुठेच नसतो. सगळ्यात गोड फसवणूक ‘आपण’ची. ‘आपण क्लायंटला एकदा विचारून घेऊ’ असं जो म्हणतो, तो बहुतेक वेळा स्वतः विचारणार नसतो. (माझ्या वहीत ‘आपण’ आला की मी त्याला गोल करते. एखाद्या मीटिंगमध्ये सात-आठ गोल होतात.)

कोण म्हणजे उद्या फोन करून ‘झालं का?’ असं ज्याला विचारायचं तो एक माणूस. दोन नावं आली तर बहुतेकदा ती दोन कामं असतात. काचेचं तसंच होतं. माप घेणं सुपरवायझरचं, ऑर्डर देणं खरेदीवाल्या दादांचं. माप आधी पक्कं होणं यासाठी गरजेचं, की टफन्ड काच एकदा भट्टीतून निघाली की कापता येत नाही. माप चुकलं तर ती काच भंगारात. म्हणून एका ओळीच्या दोन ओळी केल्या आणि दुसरीत लिहिलं, ‘क्र. 1 नंतर’.

आणखी एक : खोलीत नसलेल्या माणसाचं नाव या रकान्यात नको. एसीवाला आपल्या मीटिंगला येत नाही, आपला तक्ता वाचत नाही. त्याच्याकडून काम करून घेणारा आपला माणूस, म्हणजे सुपरवायझर, तिथे हवा.

‘इलेक्ट्रिकलचं बघून घ्या’ याला मी काम मानलंच नाही. बघितलं हे कळणार कसं? सरांना मीटिंग संपल्यावर दारातच विचारलं, “सर, इलेक्ट्रिकलचं म्हणजे नेमकं काय बघायचं?” ते म्हणाले, “अगं, टेबलाचं डिझाइन बदललं ना, खालचा स्विचबोर्ड आता ड्रॉवरच्या मागे जातोय. तो सरकवायला लागेल.” झालं, काम सापडलं : स्विचबोर्डची नवी जागा भिंतीवर आखून इलेक्ट्रिशियनला दाखवणं. हा प्रश्न त्याच संध्याकाळी विचारायचा. दोन दिवसांनी विचारला असता तर सरांनाही आठवलं नसतं.

तारखांचा रकाना सगळ्यात किचकट. आपल्याकडे ‘परवा’ मागेही जातो आणि पुढेही. 4 तारखेला लिहिलेला ‘परवा’ म्हणजे 6 नोव्हेंबर, पण 10 तारखेला कुणी ती वही उघडली तर त्याला वाटेल एसीवाला 8 तारखेला येऊन गेला. ‘पुढच्या शुक्रवारी’ तर त्याहून वाईट. मंगळवारी बोललेला पुढचा शुक्रवार 7 की 14? खोलीत सहा जण होते. मी विचारलं तेव्हा दोघे 7 म्हणाले, बाकीचे 14. खरी तारीख 14 निघाली. ‘आठ दिवसांत’ आणि ‘आठवड्याभरात’ हे मी मीटिंगच्या दिवसापासून मोजून पुढच्या मंगळवारवर आणते आणि त्या माणसाला सांगते, “मॅडम, बिलाला 11 तारीख धरतेय, चालेल ना?” अकाउंटच्या मॅडम म्हणाल्या, 10ला जाईल. विचारलं नसतं तर ही तारीख माझीच राहिली असती, त्यांची झाली नसती.

काचेची तारीख मीटिंगमध्ये कुणीच दिली नव्हती. अशी तारीख उलटी मोजून काढायची. व्हिजिट 14ला, म्हणजे काच 13ला साइटवर हवी. आमचा सप्लायर ऑर्डरपासून सात दिवस घेतो, म्हणजे ऑर्डर 6ला जायला हवी, आणि माप 5ला. 5ला गुरुनानक जयंतीची ऑफिसला सुट्टी होती, साइट चालू होती. माप साइटवरच घ्यायचं, म्हणून चाललं. हिशेब मांडल्यावर कळलं की हातात एकही जास्तीचा दिवस नाही. परिच्छेदात हे दिसत नव्हतं. तिथे काच आणि शुक्रवार यांच्या मध्ये पाच वाक्यं होती.

अशा मी काढलेल्या तारखेपुढे किंवा नावापुढे प्रश्नचिन्ह ठेवते. समोरच्याने ‘हो’ म्हटलं की ते काढायचं. तक्ता पाठवला तो असा :

| क्र. | काम | कोण | कधीपर्यंत | स्थिती |
|---|---|---|---|---|
| 1 | काचेच्या सगळ्या चौकटींचं माप घेऊन खरेदीला मेसेज करणे | सुपरवायझर | 5 नोव्हें. | बाकी |
| 2 | काचेची ऑर्डर देणे (क्र. 1 नंतर) | खरेदी | 6 नोव्हें. | बाकी |
| 3 | विनियरची ऑर्डर रद्द करणे | खरेदी | 4 नोव्हें. | झालं |
| 4 | रिसेप्शन टेबलचं बदललेलं ड्रॉइंग मिस्त्रीला देणे, जुनं परत घेणे | डिझायनर | 6 नोव्हें. | बाकी |
| 5 | स्विचबोर्डची नवी जागा आखून इलेक्ट्रिशियनला दाखवणे (क्र. 4 नंतर) | सुपरवायझर | 7 नोव्हें. | बाकी |
| 6 | एसीच्या ड्रेन पाइपमध्ये पाणी सोडून गळती तपासून घेणे | सुपरवायझर | 6 नोव्हें. | बाकी |
| 7 | सीलिंग बंद करणे (क्र. 6 नंतरच) | सुपरवायझर | 10 नोव्हें. ? | बाकी |
| 8 | बिल क्लायंटला पाठवणे | अकाउंट | 10 नोव्हें. | बाकी |
| 9 | फायर एनओसीचं कुठे अडलंय ते विचारून ग्रुपवर टाकणे | सर ? | 7 नोव्हें. ? | बाकी |

तक्त्याच्या वर दोन ओळी : ‘ठरलं : रिसेप्शन टेबलला लॅमिनेट. क्लायंट व्हिजिट शुक्रवार, 14 नोव्हेंबर.’ शेवटची ओळ खरं तर ‘प्र’ होती. एनओसी मिळवणं हे काम कुणी घेतलं नव्हतं, पण उत्तर आणणं हे काम देता येतं.

एक्सेलबद्दल एकच गोष्ट सांगते, कारण तिने मला चांगलंच रडवलंय. ऑफिसच्या कॉम्प्युटरवर तारखेची सेटिंग अमेरिकन पद्धतीची होती, महिना आधी. मी `07/11/2025` टाइप केलं, एक्सेलने ते 11 जुलै धरलं आणि ओळ लगेच मुदत उलटल्यासारखी लाल झाली. तो घोळ निदान दिसला तरी. `14/11/2025` टाकलं तेव्हा चौदावा महिना नसल्यामुळे एक्सेलने ती तारीख मानलीच नाही, नुसता मजकूर म्हणून ठेवली. असा मजकूर कधीच लाल होत नाही. ओळखायची खूण सोपी आहे : खरी तारीख आपोआप घराच्या उजव्या कडेला जाते, मजकूर डावीकडे चिकटतो. मी आता `14-Nov-2025` असंच टाइप करते. लाल करण्याचं सूत्र, दुसऱ्या ओळीपासून, D मध्ये तारीख आणि E मध्ये स्थिती धरून :

```
=AND(ISNUMBER($D2),$D2<TODAY(),$E2<>"झालं")
```

हे कंडिशनल फॉरमॅटिंगमध्ये टाकायचं. स्थितीसाठी ड्रॉपडाउन करा. नाहीतर कुणी ‘झाले’ लिहितो, कुणी ‘झालंय’, आणि झालेलं कामही लाल दिसत राहतं.

पुढच्या मंगळवारी मीटिंग या तक्त्यानेच सुरू झाली. सातवी ओळ सरकली होती : एसीवाला 6ऐवजी 8ला आला, त्यामुळे सीलिंग 12वर गेलं. मी 10 खोडली नाही. शेजारी ‘नवी तारीख’ असा रकाना घालून 12 लिहिली आणि पुढे कारण, ‘एसी दोन दिवस उशिरा’. सरांनी ती ओळ वाचली, एसीवाल्याला तिथूनच फोन लावला आणि मला म्हणाले, “एनओसीपुढचं प्रश्नचिन्ह काढ गं, ते माझंच आहे.”