चपला-बुटांच्या दुकानात अडकलेला माल कसा ओळखावा आणि फार तोटा न होता कसा काढावा

पादत्राणांच्या दुकानात एखादं आर्टिकल अख्खं पडून राहतं असं क्वचितच होतं. पडून राहतात ते त्यातले नंबर. पुरुषांच्या सँडलचा आठ जोडांचा सेट आला, त्यात सहा नंबरचा एक, सात, आठ, नऊचे दोन-दोन आणि दहाचा एक. मधले नंबर महिना-दोन महिन्यांत जातात, मग दुकानदार पुन्हा अख्खा सेट मागवतो. असे तीन सेट आले की सहाचे तीन आणि दहाचे तीन जोड मागच्या रॅकवर साठतात. हिशेबात मात्र ते आर्टिकल ‘चालू’ दिसतं, कारण विक्री होतच असते. म्हणून अडकलेला माल शोधताना आर्टिकलनिहाय यादी पुरत नाही, नंबरनिहाय लागते.

पहिलं काम: जोडी-जोडीने मोजणी

संगणकातला साठा आणि रॅकवरचा साठा जुळेल अशी अपेक्षा ठेवू नका. प्रत्येक खोका उघडा आणि तीन गोष्टी बघा. डावा आणि उजवा एकाच नंबरचे आहेत का? गर्दीच्या दिवशी सात आणि आठची अदलाबदल सर्रास होते, आणि मग दोन जोड एकदम निकामी होतात. दुसरं, दोन्हींचा रंग सारखा आहे का? शोकेसमध्ये ठेवलेला एक पाय उन्हाने उडतो, खोक्यातला कोरा राहतो. दर पंधरा दिवसांनी शोकेसमधला पाय बदलला तर हे टळतं.

तिसरी तपासणी सोलची. पीयू सोल न वापरताही खराब होतो. हवेतल्या दमटपणाने तो आतून कमकुवत होत जातो, आणि आपल्याकडच्या पावसाळ्यात, त्यातही कोकणात, हे लवकर होतं. सोलच्या कडेला अंगठ्याचं नख दाबा. चिकट लागलं, किंवा दाबलेल्या जागी भुगा पडला, तर तो जोड गिऱ्हाईकाच्या पायात चार दिवस टिकणार नाही. इथे माल दुकानात कधी आला हे बघून चालत नाही. खोक्यावर उत्पादनाचा महिना आणि वर्ष छापलेलं असतं, ते बघा. स्वस्तात मिळालेला लॉट बरेचदा आधीच दोन वर्षं कुठल्या तरी गोदामात बसून आलेला असतो.

मोजताना खोक्याच्या अरुंद बाजूवर, म्हणजे रॅकमधून दिसेल अशा जागी, माल आल्याचा महिना मार्करने लिहा. पुढच्या वेळी नुसत्या नजरेने काम होतं.

वय दिवसांत नको, हंगामात मोजा

नव्वद दिवस विकला नाही म्हणजे माल अडकला, हा नियम किराण्याला बरा, इथे फसवतो. पावसाळी सँडल डिसेंबरमध्ये विकली गेली नाही यात नवल काय? पण तीच जून ते ऑगस्ट रॅकवर दिसत राहूनही गेली नसेल तर ती अडकली. लग्नसराईच्या मोजड्यांचंही तसंच. शाळेचे काळे बूट मात्र जूनमध्ये उरले तरी घाबरायचं कारण नाही. डिझाइन बदलत नाही, पुढच्या वर्षी जातात, फक्त सोल धड असला पाहिजे.

यावरून तीन ढीग करा. आपला एक हंगाम चुकलेला पण सगळे नंबर शाबूत असलेला माल हा मंद. नंबर तुटलेला किंवा दोन हंगाम उलटलेला तो अडकलेला. सोल गेलेला, पापुद्रे सुटलेला, बुरशीचे डाग पडलेला तो खराब.

किती सोडायचं, याचा हिशेब

वरच्याच सँडलचं उदाहरण घेऊ, जीएसटी बाजूला ठेवून. चोवीस जोड, खरेदी ४२० रुपयांना, एकूण १०,०८० रुपये. अठरा जोड ७०० ने गेले, १२,६०० रुपये आले. उरले सहा, खरेदीभावाने २,५२० रुपयांचे. कुणी ३५० ने घ्यायला तयार असेल तर २,१०० मिळतात, म्हणजे खरेदीपेक्षा ४२० रुपये कमी. ‘खरेदीखाली देणार नाही’ म्हणून बहुतेक जण इथेच अडून बसतात.

पण ते २,१०० रुपये चालू मालात घातले, त्यावर खर्च वजा जाता तीस टक्के सुटले आणि वर्षात चार वेळा पैसा फिरला, तर २,५२० रुपये नफा होतो. तुमच्या दुकानात तीसऐवजी वीस टक्के सुटत असतील, पैसा तीनदाच फिरत असेल, तरी १,२६० होतात. चारशे वीस वाचवायला आपण किती घालवतो ते बघा. खरेदीचा भाव आता परत येणार नाही. आज काय मिळेल आणि वर्षाने काय मिळेल, एवढाच प्रश्न उरतो.

काढायचं कसं

मंद मालासाठी आधी घाऊक व्यापाऱ्याला विचारा. पैसे परत मागितले तर तो का-कू करतो, नव्या ऑर्डरवर बदलून मागितलं तर बहुधा ऐकतो. सेट पूर्ण आणि खोके कोरे हवेत. उशीर मात्र नको: ज्या आर्थिक वर्षात माल घेतला ते संपल्यानंतरच्या ३० नोव्हेंबरपर्यंतच क्रेडिट नोटवर त्याला जीएसटी कमी करता येतो. त्यानंतर कर त्याच्या अंगावर बसतो, मग तो कशाला घेईल?

तुटलेल्या नंबरांसाठी सर्वांत कामाचा उपाय साधा आहे. सगळ्या आर्टिकलमधले सहा नंबर एका रॅकवर, दहा नंबर दुसऱ्यावर लावा आणि वर मोठ्या अक्षरात नंबर लिहा. या नंबरच्या गिऱ्हाईकाला प्रत्येक दुकानात ‘तुमचा नंबर संपला’ एवढंच ऐकायची सवय असते. त्याला एकदम वीस प्रकार दिसले की घासाघीस कमी होते, आणि पुष्कळदा सवलत न देताही जोड जातो.

नोकरांचा कल नवा माल दाखवण्याकडे असतो, कारण तो पटकन विकला जातो. जुन्या खोक्यावर रंगीत टिकली लावा, त्या जोडामागे वीस रुपये रोख द्या, आणि पहिल्या तीन जोडांत एक टिकलीवाला दाखवायचाच, असं ठरवून टाका.

सवलत हंगाम जिवंत असताना द्या. पावसाळी माल जुलैअखेर पंधरा टक्के, ऑगस्टच्या मध्याला तीस, पोळ्यापर्यंत खरेदीभाव. अख्ख्या दुकानावर पाटी लावू नका, नाहीतर चालणारा मालही स्वस्तात जातो आणि अडकलेला तिथेच राहतो.

उरलेला लॉट आठवडी बाजारात बसणाऱ्याला ठोक द्यायचा असेल तर दुसऱ्या तालुक्यातला माणूस बघा. काल तुमच्याकडे सातशेला घेतलेली सँडल गिऱ्हाईकाला चौकात तीनशेला दिसली, तर तो ती घेऊन दुकानातच येईल.

खराब ढीग विकू नका. मात्र माल फेकून दिला किंवा फुकट वाटला तर त्यावर घेतलेलं इनपुट क्रेडिट परत भरावं लागतं, खरेदीपेक्षा कमी भावाने विकला तर नाही. म्हणून जोड धड असतानाच, मिळेल त्या भावाने बिल करून काढलेला बरा. शेवटी नंबरनिहाय यादी घेऊन घाऊकवाल्याकडे जा आणि पुढचे सेट सहा-दहा वगळून, किंवा मधले नंबर सुटे देतो का, ते आधी विचारा. जोडामागे दहा-पंधरा रुपये जास्त मागितले तरी घ्या.