फोनचं वर्षाचं भाडं कसं काढावं

दुकानातली किंमत बाजूला ठेवा आणि हा फोन आपण भाड्याने घेतोय असं धरा. खरेदीची किंमत अधिक दुरुस्ती, वजा विकताना येणारे पैसे, आणि उरलेल्या रकमेला वापराच्या वर्षांनी भागा. वर्षाचं भाडं निघालं.

आधी वर्षं ठरवा. कंपनी सुरक्षा अपडेट किती वर्षं देणार, ते तिच्या साइटवर बघा. इथे हमखास फसगत होते, कारण ही मुदत बहुतेक वेळा मॉडेल बाजारात आलं त्या दिवसापासून मोजतात, तुम्ही घेतलं त्या दिवसापासून नाही. चार वर्षांची मुदत असलेला फोन दीड वर्षाने सवलतीत घेतला, तर हातात अडीचच वर्षं उरतात.

मग विक्रीची किंमत. त्याच कंपनीचा, त्याच दर्जाचा, तीन-चार वर्षं जुना फोन आज कितीला जातो ते ओएलएक्सवर बघा. तिथला आकडा हा मागितलेला भाव असतो, मिळालेला नव्हे. थोडा कमीच धरा. आणि जुना फोन विकण्याऐवजी तुमच्या कपाटात पडून राहत असेल (आमच्याकडे दोन आहेत), तर इथे सरळ शून्य लिहा.

आता हिशोब. आकडे नमुन्याचे आहेत.

पहिला फोन १५,००० चा. तीन वर्षं वापरून २,००० ला विकला, तर १३,००० भागिले ३, म्हणजे वर्षाला सुमारे ४,३३०.

दुसरा ३६,००० चा. पाच वर्षं वापरला, मध्ये ३,५०० ची बॅटरी बदलली, शेवटी ८,००० आले. ३१,५०० भागिले ५, म्हणजे ६,३००. ‘महाग तेच स्वस्त पडतं’ हे इथे खोटं ठरलं.

पण तोच दुसरा फोन वर्षभर वापरलेला २४,००० ला मिळाला आणि उरलेली चार वर्षं वापरला, तर बॅटरी धरूनही भाडं ४,८७५ वर येतं. पहिल्या वर्षाची मोठी घसरण आधीच्या मालकाने सोसलेली असते. मला हाच सौदा पटतो. मात्र पैसे देण्याआधी *#06# डायल करून आयएमईआय क्रमांक बघा, तो बिलाशी जुळवा आणि KYM, मग जागा सोडून तो क्रमांक, असा एसएमएस 14422 ला पाठवा. क्रमांक काळ्या यादीत असेल तर उत्तरात कळतं. बिल आणि खोका जपून ठेवा, पुढे विकताना गिऱ्हाईक तेच आधी मागतं.

फ्रिजला मात्र हे गणित असंच लावू नका. दहा वर्षांनी तो जवळजवळ भंगारच्याच भावात जातो, म्हणून विक्रीच्या जागी वीज मांडा. स्टार लेबलवर वर्षाची युनिटं छापलेली असतात. दोन फ्रिजमध्ये ६० युनिटांचा फरक असेल आणि युनिट १० रुपयांना पडत असेल, तर दहा वर्षांत ६,००० वाचतात. जादा स्टारसाठी दुकानदार याहून जास्त मागत असेल, तर कमी स्टारचा घ्या.